कोल्हापूरच्या पोटातल्या चार जोड्या

इंग्रजी वर्णमालेत K आणि P या अक्षरांच्या मध्ये चार अक्षरे येतात: L, M, N आणि O. कोल्हापूरचे नाव इंग्रजीत KOLHAPUR असे लिहिले, तर तिथेही K आणि P यांच्या मध्ये चारच अक्षरे येतात: O, L, H आणि A. मधली अक्षरे वेगळी आहेत, पण त्यांची संख्या तीच आहे. म्हणजे वर्णमालेत ही दोन अक्षरे एकमेकांपासून जेवढी लांब, तेवढीच ती या शब्दातही लांब आहेत. अशा जोड्या शब्दात किती आहेत, हे शोधण्याचा प्रश्न बँकांच्या भरती परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जातो. बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकांत त्याला ‘अक्षरजोड्या’ किंवा ‘वर्णमाला चाचणी’ या प्रकरणात जागा मिळते.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक शब्दात अशा किती अक्षरजोड्या आहेत, की ज्यांतील दोन अक्षरांमध्ये शब्दात जितकी अक्षरे आहेत तितकीच इंग्रजी वर्णमालेतही आहेत? खाली पाच पर्याय असतात, आणि बहुतेक वेळा ते ‘एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त’ असेच असतात. प्रश्नपत्रिका मराठीतून असली तरी हा शब्द इंग्रजीच राहतो. त्याचे कारण पुढे येईल.

आयबीपीएसच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ३४ सेकंद येतात, आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. अक्षरजोड्यांचा प्रश्न कोणालाही कळतो आणि निवांत बसून कोणालाही सुटतो. चुका होतात त्या घाईत, आणि त्यासुद्धा दोन-तीन ठरावीक जागी होतात.

सोडवण्याची पहिली पद्धत जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये शिकवली जाते. शब्दातले एक अक्षर धरायचे आणि तिथून उजवीकडे एकेक अक्षर सरकताना मनात वर्णमाला म्हणत जायची. म्हटलेले अक्षर आणि शब्दातले अक्षर एकच आले, की जोडी सापडली. मग त्याच अक्षरापासून वर्णमाला उलटी म्हणत पुन्हा जायचे. कोल्हापूरच्या K पासून ही पद्धत कागदावर अशी दिसते:

```
शब्द :  K O L H A P U R
पुढे :  K L M N O P Q R
मागे :  K J I H G F E D
```

वरच्या दोन ओळींत सहाव्या जागी P खाली P आला आणि आठव्या जागी R खाली R आला. तिसऱ्या ओळीत चौथ्या जागी H जुळला. एकट्या K च्या नावावर तीन जोड्या झाल्या: K–P, K–R आणि K–H. पहिल्या दोन सुलट आहेत, कारण वर्णमालेत जे अक्षर आधी येते तेच शब्दातही आधी आले आहे. K–H ही उलट जोडी आहे. वर्णमालेत H आधी आणि K नंतर येतो, शब्दात मात्र K आधी आहे. तरी मध्ये दोन्हीकडे दोनच अक्षरे आहेत. वर्णमालेत ती I आणि J आहेत, शब्दात O आणि L.

K झाल्यावर हेच O पासून करायचे, मग L पासून, आणि शेवटून दुसऱ्या अक्षरापर्यंत असेच जायचे. डावीकडे पाहण्याची गरज नसते, कारण डावीकडची अक्षरे आधीच उजवीकडे पाहून गेलेली असतात. O, L, H आणि A यांच्यापासून काहीच जुळत नाही. P पासून पुढे म्हटले तर Q, R येतात आणि शब्दात U, R आहेत. R जुळला, चौथी जोडी मिळाली. U पासून काही नाही. एकूण उत्तर चार, म्हणजे परीक्षेतला पर्याय ‘तीनपेक्षा जास्त’.

ही पद्धत बिनचूक आहे, पण वेळखाऊ आहे. आठ अक्षरांच्या शब्दात एकूण २८ जोड्या होतात आणि त्यांतली प्रत्येक दोनदा तपासावी लागते, एकदा सुलट आणि एकदा उलट. त्यातही उलटी वर्णमाला म्हणणे बहुतेकांना जड जाते. S च्या मागे R, Q, P हे जिभेवर बसलेले नसते. घाईत एखादे अक्षर गळते, आणि एक गळाले की पुढची सगळी ओळ एका घराने सरकते.

दुसरी पद्धत आकड्यांची आहे आणि ती अधिक देखणी आहे. A ला १, B ला २ असे करत Z ला २६ क्रमांक द्यायचा. क्रमांक पाठ नसले तर क्लासमध्ये पाठ करून घेतात तो ‘इजोटी’ हा शब्द कामी येतो. त्यातली E, J, O, T, Y ही अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ व्या जागी आहेत. कोणतेही अक्षर या पाचांपैकी एकाच्या आसपासच सापडते. R हवा असेल तर T च्या दोन घरे मागे, म्हणजे १८.

आता शब्दातल्या प्रत्येक अक्षराखाली दोन गोष्टी लिहायच्या: त्याचा वर्णमालेतला क्रमांक आणि त्याची शब्दातली जागा. मग क्रमांकातून जागा वजा करायची, आणि त्याखाली क्रमांक व जागा यांची बेरीज मांडायची.

```
अक्षर      K    O    L    H    A    P    U    R
क्रमांक     ११   १५   १२   ८    १    १६   २१   १८
जागा       १    २    ३    ४    ५    ६    ७    ८
वजाबाकी   १०   १३   ९    ४   −४   १०   १४   १०
बेरीज      १२   १७   १५   १२   ६    २२   २८   २६
```

वजाबाकीच्या ओळीत १० हा आकडा तीनदा आला आहे: K, P आणि R खाली. बेरजेच्या ओळीत १२ दोनदा आला आहे: K आणि H खाली. सारखा आकडा जिथे जिथे आला तिथे तिथे जोडी आहे. वजाबाकीच्या ओळीतल्या जोड्या सुलट, बेरजेच्या ओळीतल्या उलट. वर्णमाला एकदाही म्हणावी न लागता उत्तर समोर आले.

हे का जमते, ते समजायला अवघड नाही. सुलट जोडीत शब्दात पाच घरे पुढे गेले की अक्षराचा क्रमांकही पाचाने वाढतो. दोन्ही आकडे सारखेच वाढले, म्हणून त्यांच्यातला फरक होता तोच राहिला. K साठी ११ वजा १, P साठी १६ वजा ६, दोन्हीकडे १०. उलट जोडीत शब्दातली जागा जेवढी वाढते तेवढाच क्रमांक घटतो, म्हणून त्यांची बेरीज कायम राहते. K साठी ११ आणि १ मिळून १२, H साठी ८ आणि ४ मिळूनही १२.

बुद्धिबळ खेळणाऱ्याला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. एका मोठ्या पटावर आडव्या दिशेने शब्दातल्या जागा मांडल्या आणि उभ्या दिशेने वर्णमालेचे २६ क्रमांक, तर शब्दातले प्रत्येक अक्षर त्या पटावरचे एक मोहरे होते. अक्षरजोडी म्हणजे उंटाच्या चालीने एकमेकांसमोर आलेली दोन मोहरी. उंट तिरका चालतो, आणि तिरक्या वाटा दोनच प्रकारच्या असतात: उजवीकडे चढणाऱ्या आणि उजवीकडे उतरणाऱ्या. चढणाऱ्या वाटेवर वजाबाकी कायम राहते, उतरणाऱ्या वाटेवर बेरीज. मॅक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ साली मांडलेले आठ वजिरांचे कोडे संगणकावर सोडवताना दोन वजीर एकाच तिरक्या रेषेत आहेत का, हे याच बेरीज-वजाबाकीने तपासतात. एवढाच फरक, की तिथे अशी जोडी पडू द्यायची नसते आणि इथे ती शोधायची असते.

आता चुकांकडे. सर्वांत जास्त चुकते ते तीन सारख्या आकड्यांपाशी. कोल्हापूरच्या वजाबाकीत १० तीनदा आला की बरेच जण K–P आणि P–R अशा दोन जोड्या मोजून पुढे जातात. K–R राहून जाते. पण K आणि R यांच्या मध्ये शब्दात O, L, H, A, P, U अशी सहा अक्षरे आहेत आणि वर्णमालेत L पासून Q पर्यंतही सहाच. ही जोडी पहिल्या दोघींइतकीच खरी आहे. एकच आकडा तीनदा आला तर तीन जोड्या होतात, चारदा आला तर सहा. प्रश्न काढणारे असे शब्द मुद्दाम निवडत असावेत असे वाटण्याइतके ते वारंवार भेटतात. CORPORATE या शब्दात P, R, T या तिघांची वजाबाकी १२ येते, शिवाय P आणि त्याला लागून असलेला O उलट जोडी करतात. उत्तर पुन्हा चार, आणि P–T विसरणाऱ्याचे तीन. तीन हा पर्यायही खाली तयारच असतो.

दुसरी चूक शेजारी असलेल्या अक्षरांची. MUMBAI या शब्दात B आणि A शेजारी आहेत. त्यांच्या मध्ये शब्दात एकही अक्षर नाही आणि वर्णमालेतही नाही. शून्य आणि शून्य सारखेच, म्हणून ही जोडी धरायची. मुंबईत तेवढी एकच जोडी आहे. ‘मध्ये काहीच नाही, मग जोडी कशी’ असे म्हणून ती सोडणारे पुष्कळ. NASHIK मधल्या H आणि I यांचेही तसेच.

तिसरी चूक एकच अक्षर शब्दात दोनदा आले की होते. सारखी दोन अक्षरे एकमेकांशी जोडी करू शकत नाहीत, कारण वर्णमालेत त्यांच्यात अंतरच नसते. पण प्रत्येकाने स्वतंत्रपणे तिसऱ्या अक्षराशी जोडी केली, तर त्या दोन वेगळ्या जोड्या मोजायच्या. CHANDRAPUR हा यासाठी चांगला नमुना आहे. त्यात सहाव्या जागी R, आठव्या जागी P आणि दहाव्या जागी पुन्हा R आहे. P च्या दोन्ही बाजूंना एक अक्षर सोडून R बसला आहे, आणि वर्णमालेत P व R यांच्या मध्ये एकटा Q आहे. म्हणजे मधल्या P ची दोन्ही R शी जोडी होते, एक उलट आणि एक सुलट. ‘P–R तर झालीच की’ असे म्हणून दुसरी खोडणाऱ्याचे उत्तर एकाने कमी येते. याउलट CORPORATE मध्ये दोन R असून P ची जोडी फक्त दुसऱ्याशी होते. पहिला R त्याला चिकटून बसलेला आहे, त्यामुळे अंतर जुळत नाही. तात्पर्य, कोणते अक्षर एवढे पाहून चालत नाही, कोणत्या जागेवरचे अक्षर हेही पाहावे लागते.

याशिवाय प्रश्न नीट वाचण्याची गोष्ट आहे. काही प्रश्नांत ‘दोन्ही दिशांनी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. काहींत ‘वर्णमालेच्या क्रमाने’ असे असते, तेव्हा फक्त सुलट जोड्या मोजायच्या, म्हणजे बेरजेची ओळ लिहायचीच नाही. दिशेबद्दल काहीच म्हटलेले नसेल तर दोन्ही दिशा धरण्याचा रिवाज आहे. आणि वर्णमाला गोल नसते. Z नंतर पुन्हा A येतो असे सांकेतिक भाषेच्या प्रश्नांत कधी कधी मानतात, इथे तसे करायचे नाही.

याच प्रश्नाचे एक जुळे भावंडही आहे, आणि ते जास्त फसवे आहे. त्यात शब्दाऐवजी एखादी संख्या देतात. समजा संख्या ५२७३८ आहे. अंकांच्या नेहमीच्या क्रमाशी तुलना करायला सांगितली, तर ५ आणि ७ यांची जोडी होते. संख्येत त्यांच्या मध्ये एक अंक आहे, आणि मोजताना ५ व ७ यांच्या मध्येही ६ हा एकच अंक येतो. पण प्रश्नात ‘हेच अंक चढत्या क्रमाने मांडल्यावर’ असे असेल, तर मांडणी २३५७८ होते, ५ आणि ७ शेजारी येतात आणि जोडी मोडते. उत्तर एकावरून शून्यावर येते. दोन्ही प्रश्न दिसायला जवळजवळ सारखेच असतात.

शब्द लहान असेल तर आकडे मांडत बसण्याचीही गरज नसते. चार अक्षरी शब्दात कोणतीही दोन अक्षरे जास्तीत जास्त तीन घरे लांब असू शकतात, म्हणून वर्णमालेत तीनपेक्षा लांब असलेली अक्षरे आपोआप बाद होतात. PUNE मध्ये P आणि N एवढीच एकमेकांच्या टप्प्यात आहेत. दोन घरांचे अंतर इथेही आहे आणि तिथेही, उत्तर एक. U आणि E यांच्याकडे पाहायचेसुद्धा कारण नाही. GOA मध्ये तर टप्प्यात कोणीच नाही, उत्तर शून्य. पाच-सहा अक्षरांपर्यंत नजरेने आणि त्यापुढे आकड्यांनी, अशी विभागणी सोयीची पडते.

एखाद्या शब्दात अशा जोड्या किती निघाव्यात, याचाही अंदाज करता येतो. अक्षरे चिठ्ठ्या टाकून उचलली आहेत असे मानले, तर चार अक्षरांच्या शब्दात सरासरी अर्धीसुद्धा जोडी पडत नाही. सहा अक्षरांत सरासरी एक पडते, आठ अक्षरांत जवळजवळ दोन आणि दहा अक्षरांत जवळजवळ तीन. परीक्षेत सात ते नऊ अक्षरी शब्द जास्त का दिसतात, त्याचे एक कारण यात असावे. उत्तर एक ते चारच्या मध्ये कुठेही पडू शकते, त्यामुळे अंदाजाने खूण करणाऱ्याची डाळ शिजत नाही. खरे शब्द अर्थातच चिठ्ठ्या टाकून बनत नाहीत. तरीही सहा अक्षरी MUMBAI, NAGPUR, NASHIK आणि SATARA यांच्यात प्रत्येकी एकच जोडी आहे, आणि SANGLI मध्ये दोन. आठ अक्षरांच्या कोल्हापूरला चार मिळाल्या, म्हणजे हिशेबापेक्षा दुप्पट. ‘पूर’ने संपणाऱ्या गावांना तर एक जोडी जन्मजात मिळते, कारण PUR या तीन अक्षरांतच P आणि R आहेत. नागपूर, सोलापूर, चंद्रपूर, कोल्हापूर, कोणीही घ्या, एक हमखास.

हा खेळ मराठी वर्णमालेवर का खेळत नाहीत? क्रम तर आपल्याकडेही पक्का आहे. व्यंजने क पासून ओळीने मांडली तर म पंचविसावा येतो, मग य आणि त्यानंतर र सत्ताविसावा. ‘मगर’ हा शब्द घेतला तर म आणि र यांच्या मध्ये शब्दात एकटा ग आहे आणि वर्णमालेत एकटा य. जोडी झाली. पण काना-मात्रा नसलेल्या अशा शब्दांपलीकडे गेले की गाडी अडते. ‘कोल्हापूर’ची अक्षरे किती धरायची? को, ल्हा, पू, र अशी चार, की क्, ओ, ल्, ह्, आ, प्, ऊ, र्, अ अशी नऊ? चार धरली तर ‘ल्हा’ वर्णमालेत कितवा, हे सांगता येत नाही. नऊ धरली तर स्वर आणि व्यंजने एकाच ओळीत मोजायची की वेगवेगळी, हा प्रश्न उरतो. ळ, क्ष आणि ज्ञ यांची जागा कोणती, हे आणखी वेगळे. इंग्रजीत २६ सुटी अक्षरे एका रांगेत उभी असतात आणि शब्दातही ती सुटीच राहतात. म्हणून मराठी प्रश्नपत्रिकेतही हा शब्द इंग्रजीच असतो.

हाताने करून पाहायचे असेल तर चंद्रपूर घ्या. P च्या दोन जोड्या वर आल्याच आहेत. त्याशिवाय वजाबाकीच्या ओळीत १२ दोनदा येतो, सहाव्या जागेवरच्या R खाली आणि नवव्या जागेवरच्या U खाली. बेरजेच्या ओळीत ४ दोनदा येतो, पहिल्या C खाली आणि तिसऱ्या A खाली. एकूण चार. आणि MAHARASHTRA या अकरा अक्षरी नावात, ५५ शक्य जोड्यांपैकी एकच बसते: पहिल्या जागेवरचा M आणि सातव्या जागेवरचा S.